स्पीकर गुणगुणतो, यूएसबी माइक घुरघुरतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरून शिकवणारे, पॉडकास्ट करणारे आणि नुसतीच गाणी ऐकणारे लोक मला गेली काही वर्षं जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एका जागी आणले आहेत. उत्तरं सुटी वाचली तरी कळतील. मात्र घाई असेल तर आधी प्रश्न २ मधली तपासणी करा. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्याअधिक लोकांचं काम तिथेच होतं.

१. आवाज येतोय हे खरं, पण तो कसला आहे हे कसं ओळखायचं?

कानानेच. एकसुरी, जाड, न थांबणारी गुणगुण असेल तर ती विजेच्या लाइनमधून आलेली असते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे गुणगुण ५० आणि तिच्या पटीत १००, १५० अशी असते. टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून खुद्द ५० फारसा बाहेर पडतच नाही, कानाला जाणवतो तो १०० च्या आसपासचा सूर. हार्मोनियम वाजवणाऱ्यांनी खर्जातली पांढरी पाच दाबून बघावी, जवळपास तिथेच लागेल. (अमेरिकेतून लिहिणाऱ्यांसाठी: तुमच्याकडे ६० हर्ट्झ, म्हणून सूर थोडा चढा. बाकी उत्तरं तीच.)

बारीक शिट्टी, किरकिर, किंवा माउस हलवला की बदलणारी चिरचिर असेल तर ती कॉम्प्युटरच्या आतून किंवा चार्जरमधून येते. आणि पावसासारखी सपाट ‘स्स्स’ असेल तर ती या पानाचा विषयच नाही. माइकचा गेन गरजेपेक्षा जास्त चढवलेला असतो. तो कमी करा आणि माइक तोंडाजवळ आणा.

एक फसवी शक्यता आधीच बाद करून टाका. माइकमध्ये येणारी घरघर कधीकधी खरोखरच खोलीत असते: पंखा, फ्रिज, लॅपटॉपचा स्वतःचा फॅन. माइक जाड रजईत गुंडाळून अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. घरघर खूप कमी झाली तर ती हवेतून येत होती. तशीच राहिली तर तारेतून येते आहे, पुढे वाचा.

२. सगळ्यात आधी काय करून बघू? काही विकत आणण्याआधी?

लॅपटॉप असेल तर चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. पण नुसता चार्जर काढून भागत नाही. बाहेरचा मॉनिटर एचडीएमआयने जोडलेला असेल तर त्याच्या वाटेने लॅपटॉप भिंतीतल्या अर्थला चिकटलेलाच राहतो. मॉनिटर, प्रिंटर, बाहेरून वीज घेणारी हार्ड डिस्क, सगळं सोडवा. आता गुणगुण गेली का? गेली असेल तर दोष वीजपुरवठ्याच्या वाटेत आहे आणि बहुतेक वेळा तो ग्राउंड लूप निघतो (प्रश्न ३).

मग चार्जर परत लावा आणि स्पीकरची ऑडिओ केबल स्पीकरच्या बाजूने काढा. लॅपटॉपच्या बाजूने काढून पिन हवेत लोंबकळत ठेवू नका. तशी पिन स्वतःच अँटेना होते, जास्त भुणभुणते, आणि तुम्ही चुकीच्या निष्कर्षावर जाता. केबल स्पीकरमधून निघतच नसेल तर मोकळ्या पिनेचं टोक आणि तिची मागची बाही एखाद्या धातूच्या तुकड्याने एकमेकांना टेकवून ऐका. केबल काढल्यावर स्पीकर गप्प झाला तर आवाज केबलमधून येत होता. तरीही गुणगुणत राहिला तर प्रश्न १० पाहा.

तिसरं काम सगळ्यात सोपं. गाणं बंद ठेवून स्पीकरचं बटण फिरवा. गुणगुण बटणाबरोबर कमीजास्त झाली तर ती बटणाच्या आधी, म्हणजे केबलमध्ये शिरते आहे. बटण कुठेही असो, ती तेवढीच राहिली तर ती स्पीकरच्या पोटातली आहे.

३. ग्राउंड लूप, ग्राउंड लूप म्हणतात ते नक्की काय?

स्पीकर तीन पिनांचा आणि लॅपटॉपचा चार्जरही तीन पिनांचा आहे असं धरू. दोन्हींची तिसरी पिन भिंतीतल्या अर्थला जाते. आता त्या दोघांना ऑडिओ केबलने जोडलं. त्या केबलमध्ये सिग्नलच्या तारांभोवती तांब्याची जी बारीक जाळी असते, तीसुद्धा दोन्हीकडे ‘ग्राउंड’लाच लागते. म्हणजे दोन उपकरणांमध्ये ग्राउंडच्या दोन वाटा झाल्या: एक भिंतीतून, एक ऑडिओ केबलमधून. मिळून एक पूर्ण वेटोळं तयार झालं. हाच तो लूप.

दोन वेगळ्या सॉकेटांमधला अर्थ अगदी तंतोतंत एका पातळीवर कधीच नसतो. घरातल्या प्रत्येक उपकरणातून थोडीशी गळती अर्थमध्ये जातच असते, त्यामुळे थोडा फरक राहतो. त्या फरकामुळे जाळीतून ५० हर्ट्झचा बारीक प्रवाह वाहू लागतो. आकड्यात बघा. जाळीचा रोध ०.१ ओहम आणि प्रवाह १० मिलिअँपिअर धरला, तर जाळीच्या दोन टोकांत १ मिलिव्होल्ट पडतो. स्पीकरला सिग्नल आणि हा १ मिलिव्होल्ट वेगळे ओळखता येत नाहीत, तो दोघांनाही मोठं करून ऐकवतो. गाण्याचा सिग्नल ३०० मिलिव्होल्ट असेल तर गुणगुण त्याच्या तीनशेव्या हिश्श्याइतकी. गाणं चालू असताना झाकली जाते, रात्री खोली शांत झाली की डोक्यात जाते.

यातूनच एक फुकटचा उपाय निघतो, आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. लॅपटॉपवरचा आवाज १० टक्के आणि स्पीकरचं बटण पूर्ण असं ठेवलंत तर गाण्याचा सिग्नल केबलमध्ये जाईपर्यंत बारका झालेला असतो, गुणगुण मात्र तेवढीच. मग स्पीकर दोघांनाही सारखंच फुगवतो. उलटं करा. लॅपटॉपवर ८०-९० टक्के, आणि स्पीकरचं बटण कमी. लूप आहे तिथेच राहतो, पण कानाला पडणारा फरक मोठा असतो.

४. माझे छोटे स्पीकर यूएसबीवर चालतात. चार्जरच नाही, अर्थही नाही, तरी किरकिर का?

कारण तुमचं वेटोळं भिंतीतून नाही, लॅपटॉपच्या आतूनच पूर्ण होतंय. या स्पीकरना दोन वायरी असतात: यूएसबी फक्त ५ व्होल्ट घेण्यासाठी, आणि आवाजासाठी ३.५ मिलिमीटरची पिन. दोन्हींचं ग्राउंड एकाच लॅपटॉपला लागतं, पण बोर्डावरच्या दोन वेगळ्या जागी. स्पीकरच्या अँप्लिफायरचा प्रवाह परत जाताना यूएसबीच्या ग्राउंडबरोबर ऑडिओच्या जाळीचीही वाट धरतो, आणि येताना प्रोसेसरची, डिस्कची, माउसची सगळी कुजबुज बरोबर आणतो. म्हणूनच पान स्क्रोल केलं की चिरचिर बदलते.

खात्री करायला स्पीकरची यूएसबी वायर पॉवरबँकेत लावा आणि ऑडिओची पिन लॅपटॉपमध्येच राहू द्या. लख्ख शांतता पसरली तर निदान पक्कं. कायमचा उपाय म्हणून मात्र पॉवरबँक चालत नाही. कमी आवाजावर स्पीकर इतका थोडा प्रवाह घेतात की बऱ्याच पॉवरबँका ‘काहीच जोडलेलं नाही’ असं समजून आपोआप बंद होतात. त्याऐवजी घरातला जुना दोन पिनांचा फोन चार्जर लावून बघा. दोन-तीन चार्जर बदलून ऐका, कारण काही चार्जर स्वतःच गुणगुण आणतात. नाहीतर प्रश्न ८ मधला आयसोलेटर.

नवीन घेणार असाल तर ज्यात आवाज आणि वीज दोन्ही एकाच यूएसबी वायरीतून जातात असे स्पीकर घ्या. वायरच एक असल्यामुळे हे वेटोळं होत नाही.

५. यूएसबी माइक तर डिजिटल असतो. मग त्यात गुणगुण शिरतेच कशी?

यूएसबीच्या वायरीत शिरत नाही, हे तुमचं बरोबर. त्या वायरीतून आकडे जातात, आणि आकडे बिघडले तर तुटक तुटक आवाज येईल किंवा माइक गायब होईल, गुणगुण येणार नाही. पण आकडे होण्याआधी माइकच्या पोटात आवाज काही सेंटिमीटर साधा, अगदी नाजूक विद्युत सिग्नल म्हणूनच प्रवास करतो. कॅप्सूलमधून निघालेला हा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो. गुणगुण शिरते ती तिथे.

शिरायच्या वाटा दोन. पहिली, यूएसबीतून येणारे ५ व्होल्ट. ते मळके असतील आणि माइकच्या आतली गाळणी सुमार असेल, तर तो मळ सिग्नलमध्ये उतरतो. यूएसबीवर माहितीच्या देवाणघेवाणीचे ठोके सेकंदाला १००० वेळा (वेगवान जोडणीत ८००० वेळा) पडतात, त्यामुळे हा मळ बरेचदा १ किलोहर्ट्झच्या शिट्टीसारखा ऐकू येतो. पोर्ट बदलून बघा. डेस्कटॉप असेल तर समोरच्या पोर्टऐवजी मागचं, कारण समोरच्या पोर्टची वायर कॅबिनेटच्या आतून बऱ्याच गर्दीतून येते. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब कधी उपयोगी पडतो, कधी त्याच अडॅप्टरमुळे नवी गुणगुण लागते. आणून परत करता येत असेल तरच आणा.

दुसरी वाट म्हणजे माइकचं धातूचं अंग. त्याचं उत्तर पुढे.

६. लॅपटॉपच्या धातूला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि माइकला हात लावला की आवाज बदलतो. शॉक बसेल का?

दोन पिनांच्या चार्जरवर हे नेहमी होतं. अशा चार्जरच्या आत भिंतीकडची बाजू आणि लॅपटॉपकडची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो. रेडिओला त्रास देणारा गोंगाट दाबण्यासाठी तो मुद्दाम ठेवलेला असतो. पण तिसरी पिन नसल्यामुळे त्यातून झिरपणारी वीज कुठे जाणार? लॅपटॉपचं सगळं धातूचं अंग मुख्य लाइनच्या साधारण निम्म्या दाबाला, म्हणजे ११० व्होल्टच्या आसपास तरंगत राहतं. टेस्टर लावला तर तो पेटतोसुद्धा, आणि लोक घाबरून फोन करतात. आकडा मोठा दिसला तरी प्रवाह मिलिअँपिअरच्या काही दशांशांतच असतो. चांगल्या चार्जरमधला तो कपॅसिटर खास सुरक्षिततेच्या दर्जाचा असतो. रस्त्यावरून घेतलेल्या स्वस्त चार्जरबद्दल मी तसं म्हणणार नाही. झिणझिण्यांऐवजी फटका बसत असेल तर तो चार्जर त्याच दिवशी टाकून द्या.

माइकचं अंग यूएसबीमार्फत लॅपटॉपलाच जोडलेलं, म्हणून तेही ५० हर्ट्झने तरंगतं. तुम्ही मात्र जमिनीवर बसलेले. तुमचं तोंड आणि हात माइकच्या जवळ आले की मधल्या हवेतून थोडी गुणगुण उतरते. हात लावल्यावर आवाज कमी झाला तर समजा, सेटअपला अर्थ मिळत नाही आणि ते काम तुमचं शरीर करतंय.

उपाय असा: रेकॉर्डिंग चालू असताना चार्जर काढून ठेवा. तासभराच्या तासाला बॅटरी पुरते. पुरत नसेल तर त्याच कंपनीचा, त्याच व्होल्टचा तीन पिनांचा चार्जर मिळतो का बघा. मात्र काही तीन पिनांच्या चार्जरमध्येही अर्थ लॅपटॉपपर्यंत नेलेला नसतो, तिसरी पिन नावालाच असते. आणि भिंतीतच अर्थ नसेल तर तीन पिनांनी काही साधत नाही, प्रश्न १३ पाहा.

७. सगळं एकाच बोर्डात लावा असं सांगतात. खरंच फरक पडतो का?

पडतो, पण नेहमी पुरा नाही. एक अनुभव सविस्तर सांगतो.

आमच्या सोसायटीत एक काकू ऑनलाइन हार्मोनियम शिकवतात. त्यांनी मला बोलावलं ते तक्रारीने नव्हे, निदानासकट: “अहो, माझा कॉम्प्युटर पांढरी पाचला लागलाय, आणि मी शिकवते काळी एकमध्ये.” मुलांना तंबोऱ्याशी सूर जुळवताना मागे सतत दुसराच सूर ऐकू यायचा.

मांडणी अशी. लॅपटॉप खिडकीजवळ, त्याचा तीन पिनांचा चार्जर तिथल्याच सॉकेटमध्ये. यूएसबी माइक लॅपटॉपला. माइकच्या बुडाशी हेडफोनचं भोक असतं, त्यातून ऑडिओ केबल स्पीकरकडे. स्पीकर तीन पिनांचे, पण खिडकीजवळ जागा नव्हती म्हणून पाच मीटरच्या एक्स्टेंशनने टीव्हीच्या भिंतीवरून वीज घेतलेली. शिवाय माइकच्या स्टँडला टेकून फोनचा फास्ट चार्जर.

लॅपटॉपचा चार्जर काढला, गुणगुण गेली. परत लावला आणि स्पीकरच्या बाजूने ऑडिओ केबल काढली, तरी गेली. म्हणजे प्रश्न ३ मधलं वेटोळं, आणि तेही खोलीच्या दोन भिंतींना कवेत घेणारं. तो स्पीकरमधला सूरच माइक परत उचलत होता आणि मुलांकडे पाठवत होता.

एक्स्टेंशनचा प्लग टीव्हीच्या भिंतीवरून काढून खिडकीजवळच्या बोर्डात, चार्जरच्या शेजारच्या सॉकेटमध्ये लावला. गुणगुण एवढी उतरली की कान स्पीकरला लावल्याशिवाय मला ऐकू येईना. काकूंना येत होती. मग मी माझ्या पिशवीतला आयसोलेटर केबलमध्ये घातला. शांत. काकूंनी तंबोरा लावला, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, “खर्ज कुठे गेला?” स्वस्त आयसोलेटर खालचे सूर खातो, हे मला माहीत होतं, पण त्यांच्यासमोर लपलं नाही. आयसोलेटर काढला, लॅपटॉपचा आवाज ९० वर आणि स्पीकरचं बटण पाव. तेवढ्यावर त्या समाधानी झाल्या.

पण दुसऱ्या दिवशी मुलांची तक्रार आलीच: आता बारीक ‘टिटिटिटि’ ऐकू येतंय. ते आधीपासून होतं, गुणगुणीखाली झाकलेलं होतं. तो फास्ट चार्जर. फोन रिकामा असताना जोरात, भरत आला की मंद. चार्जर स्वयंपाकघरात गेला. घरात एकाच वेळी दोन दोष असू शकतात हे लक्षात ठेवा. एक काढला की दुसरा डोकं वर काढतो, आणि आपल्याला वाटतं पहिलाच परत आला.

८. आयसोलेटर घेऊ का? कोणता?

ऑडिओ केबलच्या मधे लावायची छोटी डबी काहीशे रुपयांत मिळते. आत दोन ट्रान्सफॉर्मर असतात, डाव्या-उजव्या बाजूचा एकेक. आवाज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, तांब्याची वाट तुटते, म्हणून वेटोळंही तुटतं. स्वस्त डबीत ट्रान्सफॉर्मर एवढेसे असतात की खालचे सूर बारीक होतात आणि मोठ्या आवाजावर फाटतात. बोलणं ऐकायला चालतं, तबला-तंबोऱ्याला नाही. आधी बाकी सगळं करून बघा. डबी शेवटी.

यूएसबी माइकसाठी यूएसबी आयसोलेटरही मिळतो. घेताना वेग बघा. जुनी, स्वस्त मॉडेलं सेकंदाला १२ मेगाबिटवरच थांबतात. साधा माइक त्यावर चालतो. ४८० मेगाबिट मागणारा माइक किंवा ऑडिओ इंटरफेस एकतर दिसणारच नाही किंवा अडखळेल. शिवाय माइक किती प्रवाह मागतो आणि आयसोलेटर किती देतो, हेही छापलेलं असतं, ते वाचा.

९. वायरी कुठून न्यायच्या? चार्जरपासून किती लांब?

एक वीत. एवढं पाळलं तरी पुष्कळ झालं. चार्जरच्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या भोवतीचं क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने उतरतं, त्यामुळे दोन बोटांवरून एका वितीवर नेलं की मोठा फरक, वितीवरून हातभर नेलं की थोडाच. सगळ्यात खोडकर म्हणजे जुना, जड, काळा एलिमिनेटर. राउटरबरोबर किंवा जुन्या कीबोर्डबरोबर आलेला असतो. त्याच्या पोटात लोखंडी ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो थेट १०० हर्ट्झच्या घरात भुणभुणतो. नवे हलके चार्जर त्यापेक्षा फार उंचावर काम करतात, म्हणून त्यांचा त्रास गुणगुणीऐवजी किरकिरीचा.

ऑडिओची वायर आणि विजेची वायर एकाच पट्ट्याने बांधून टेबलामागे टाकलेली असते, दिसायला छान. सोडा ती. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा, शेजारी शेजारी लांबपर्यंत धावू देऊ नका. जास्तीच्या ऑडिओ केबलचं गोल वेटोळं करून चार्जरवर ठेवू नका. लांबीच कमी घ्या. टेबलावरच्या कामाला दीड मीटर पुरतो.

इथे एक अडचण हुशार वाचक विचारतात: प्रश्न ३ मधलं वेटोळं लहान करायचं तर दोन्ही वायरी जवळजवळ हव्यात, आणि इथे लांब म्हणताय! दोन्ही खरं आहे. म्हणून दोन्ही प्लग एका बोर्डात ठेवायचे, वायरी एकाच दिशेने न्यायच्या, पण वीतभर अंतर राखून. खोलीच्या दोन टोकांना नाही आणि एका गाठोड्यातही नाही.

वायरीवर बसवायचा काळा फेराइटचा मणी चार्जरच्या किरकिरीवर कधी कधी चालतो. ५० हर्ट्झच्या गुणगुणीवर त्याचा काहीही परिणाम होत नाही, त्यासाठी पैसे घालवू नका.

१०. केबल काढली, चार्जर काढला, तरी स्पीकर एकटाच गुणगुणतो.

मग तो स्पीकरच बिघडला आहे. वीजपुरवठा गाळणारे आतले मोठे कपॅसिटर सात-आठ वर्षांत सुकतात, विशेषतः उन्हात किंवा टीव्हीमागच्या उबेत. तेव्हा बटणाला न जुमानणारी १०० हर्ट्झची गुणगुण लागते. दुरुस्तीवाल्याला ‘फिल्टर कपॅसिटर बघा’ एवढंच सांगा. स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते.

११. अर्थची पिन तोडली आणि आवाज एकदम गेला. तसंच ठेवू का?

नाही. आवाज जाणारच, कारण तुम्ही वेटोळं तोडलंत, पण चुकीच्या जागी. स्पीकरच्या आत उद्या फेजची वायर अंगाला टेकली तर ती वीज अर्थातून जाऊन एमसीबी पाडायला हवी होती. आता ती तुमच्या ऑडिओ केबलच्या जाळीतून लॅपटॉपकडे जाईल, किंवा तुमच्या हातातून. तीन पिनांचा प्लग दोन पिनांत बसवणारं कन्व्हर्टर म्हणजे हेच, फक्त तोडमोड न करता. तोडायचं असेल तर ऑडिओच्या वाटेवर तोडा (प्रश्न ८).

१२. लाइट गेली आणि इन्व्हर्टर चालू झाला की स्पीकर करवतीसारखे करकरतात. इन्व्हर्टर खराब झाला का?

बहुतेक नाही. स्वस्त इन्व्हर्टर गोलाईदार लहरीऐवजी चौकोनी लहर देतात. चौकोनाच्या कडांमध्ये १५०, २५०, ३५० असे वरचे सूर भरपूर असतात, म्हणून गुणगुणीला धार येते. ‘साइन वेव्ह’ लिहिलेल्या इन्व्हर्टरवर हे जवळजवळ होत नाही. रेकॉर्डिंगच्या मध्येच लाइट गेली तर चार्जर काढा आणि पुढे चालू ठेवा. तसंच, पंख्याचा गोल फिरणारा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही असाच करकरतो. पंखा पूर्ण वेगावर किंवा पूर्ण बंद केल्यावर आवाज गेला तर चोर तोच. चार-पाच टप्प्यांचा, कट्‌ कट्‌ वाजत फिरणारा कपॅसिटरचा रेग्युलेटर बसवून घ्या.

१३. सगळं एका बोर्डात, चार्जर लांब, तरी गुणगुण. वायरमनला काय सांगू?

“बोर्डात अर्थ येतोय का बघा, आणि न्यूट्रलला जोडलेला नाही ना, तेही.” जुन्या चाळींत आणि इमारतींत सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागे वायरच नसते. टेस्टरने हे कळत नाही. मीटरने फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ दोन्हीकडे २३० च्या आसपास यायला हवेत, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टपर्यंत. हे मोजमाप सवयीच्या माणसाकडूनच करून घ्या.

दुसरा प्रकार जास्त वाईट. अर्थची वायर नाही म्हणून कोणीतरी सॉकेटमध्येच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून टाकतो. मीटरवर सगळं ठीक दिसतं, न्यूट्रल-अर्थ तर अगदी शून्य. त्या शून्यालाच संशयाने बघा. आता घरातल्या गीझरचा, मिक्सरचा परतीचा प्रवाह तुमच्या ग्राउंडमधून जाऊ लागतो, आणि मिक्सर चालू झाला की गुणगुण फुगते. कुठे न्यूट्रल तुटला तर मात्र प्रत्येक उपकरणाच्या धातूवर वीज येते. हे सापडलं तर स्पीकरचं राहू द्या, आधी ते काढून घ्या.

१४. लॅपटॉप टीव्हीला एचडीएमआयने जोडला की मगच स्पीकर गुणगुणतात.

टीव्ही दोन पिनांचा असला तरी त्याला सेट-टॉप बॉक्समधून केबलवाल्याची किंवा गच्चीवरच्या डिशची जाड वायर येते. तिची जाळी इमारतीच्या दुसऱ्याच कुठल्यातरी ठिकाणी जमिनीला टेकलेली असते. ती जाळी, एचडीएमआय, लॅपटॉप, ऑडिओ केबल, स्पीकर, भिंतीतला अर्थ, असं भलंमोठं वेटोळं तयार होतं. सेट-टॉप बॉक्सची ती जाड वायर पिळून काढा. गुणगुण थांबली की सापडलं. साधी इंटरनेटची लॅन केबल अशी फसवत नाही, तिच्या दोन्ही टोकांना उपकरणाच्या आतच ट्रान्सफॉर्मर असतात. मात्र धातूच्या टोपणाची, जाळीवाली लॅन केबल असेल तर ती जाळी पुन्हा ग्राउंडची वाट होते. साधी लावून बघा.

१५. रेकॉर्डिंग होऊन गेलंय, गुणगुण त्यात आहे. आता काढता येईल?

बरीचशी. ऑडॅसिटीमध्ये फक्त गुणगुण असलेला, कोणी बोलत नसलेला दोन सेकंदांचा तुकडा निवडा आणि `Analyze > Plot Spectrum` उघडा. ५०, १००, १५० वर सुळके दिसले तर लाइनची गुणगुण. फक्त ५० चा सुळका मोठा असेल तर `High-Pass Filter` ८० वर लावला की काम होतं, बोलण्याला धक्का लागत नाही. १०० आणि १५० चे सुळके मोठे असतील तर `Notch Filter` एकेकावर, आणि अरुंद ठेवूनच लावा. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर नेमका याच पट्ट्यात असतो, रुंद फिल्टर लावला की माणूस डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. `Noise Reduction` मध्ये त्याच शांत तुकड्यावरून `Get Noise Profile` घेऊन मग सगळ्यावर लावता येतं, पण हलक्या हाताने. शब्दांच्या शेपट्यांना पाण्यातल्यासारखा बुडबुड आवाज येऊ लागला की मात्रा जास्त झाली, परत मागे या.

माउसबरोबर बदलणारी चिरचिर मात्र यातल्या कशानेच नीट निघत नाही, कारण ती क्षणाक्षणाला सूर बदलते. ते रेकॉर्डिंग प्रश्न ४ किंवा ५ पाहून पुन्हा करावं लागतं.